दोन मीटरवरून वाचता येईल असे अक्षर

परिषदांमध्ये आता निबंधवाचनाच्या जोडीला पोस्टरचे दालन असते. बाहेरच्या व्हरांड्यात किंवा सभागृहाच्या कडेने फळ्या मांडलेल्या असतात आणि चहाच्या सुट्टीत मंडळी त्यांच्यासमोरून जातात. आमच्या भूगोल विभागातील आम्ही दोघांनी तालुक्यातील आठवडे बाजारांची पाहणी केली होती आणि गेल्या वर्षी तिचे पोस्टर एका परिषदेत लावले होते. त्या पोस्टरवर आमचे चार महिन्यांचे काम होते. पण ते वाचले गेले नाही. एका परीक्षकांनी दोन पावले मागे उभे राहून तक्त्याकडे पाहिले आणि विचारले, “बाजाराच्या आत कसले अंतर मोजलेत?” तक्त्याचे शीर्षक होते ‘बाजारांतील अंतर’, म्हणजे एका गावच्या बाजारापासून दुसऱ्या गावच्या बाजारापर्यंतचे. त्यांना दिसले ते ‘बाजारातील अंतर’. अनुस्वार छापलेला होता, पण त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

परत आल्यावर आम्ही ते पोस्टर विभागाच्या भिंतीवर लावले, मोजपट्टी घेतली आणि नेमके काय चुकले ते शोधू लागलो. त्यातून जे हाती आले ते पुढे देत आहे. पोस्टर करण्याची वेळ आपल्यापैकी पुष्कळांवर येते. त्या वेळी ‘शीर्षक किती पॉइंट, मजकूर किती पॉइंट’ एवढेच विचारले जाते, आणि इंग्रजी पुस्तिकांमधून ‘मजकूर २४ पॉइंट’ असे तयार उत्तर उचलले जाते. देवनागरीच्या बाबतीत हे उत्तर अपुरे का पडते, हे समजून घ्यावयाचे तर सुरुवात पॉइंटापासून न करता डोळ्यापासून करावी लागते.

नेत्रतपासणीच्या खोलीत भिंतीवर टांगलेला अक्षरांचा तक्ता आपण सर्वांनी पाहिला आहे. हॉलंडमधील नेत्रतज्ज्ञ हर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तो सिद्ध केला. त्यामागचे गणित सोपे आहे. पंचांगात अंशाचे साठ भाग करून एका भागाला कला म्हणतात, तीच कला येथे कामास येते. निर्दोष डोळ्याला साधारण एक कलेएवढा बारकावा वेगळा दिसतो. स्नेलेनने अक्षर पाच कला उंच धरले, म्हणजे अक्षराची रेघ आणि रेघांमधील फट प्रत्येकी एक कला भरते. तक्त्यापासून सहा मीटरवर बसले असता ही पाच कलांची उंची ८.७ मिलिमीटर होते, आणि दोन मीटरवरून पाहिल्यास त्याच्या तिसरा हिस्सा, म्हणजे २.९ मिलिमीटर. एक कलेचा बारकावा दोन मीटरवर ०.५८ मिलिमीटर असतो. पुढील सारे विवेचन या दोन आकड्यांवर उभे आहे : अक्षर २.९ मिलिमीटर आणि बारकावा अर्धा मिलिमीटरहून किंचित अधिक.

मात्र २.९ मिलिमीटर ही वाचनाची उंची नव्हे. ती ओळखण्याची शेवटची मर्यादा आहे. नेत्रतज्ज्ञांसमोर आपण डोळे ताणून, अडखळत, एकेक अक्षर सांगतो. तसे करीत कोणी तीनशे शब्द वाचत नाही. हातात पुस्तक धरून आपण सहज वाचतो तेव्हा काय होते ते पाहू. डोळ्यापासून ४० सेंटिमीटरवर धरलेल्या मराठी पुस्तकात ‘म’ची उंची साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असते. पोस्टर पाचपट लांब, दोन मीटरवर आहे. तेव्हा तितक्याच सुखाने वाचावयाचे तर अक्षर दहा ते साडेबारा मिलिमीटर उंच हवे. म्हणजे एका बाजूला २.९ ही ओळखण्याची हद्द आणि दुसऱ्या बाजूला दहाच्या पुढचे पुस्तकी सुख. त्यांच्या दरम्यान कोठेतरी थांबावे लागते, कारण पोस्टरचा कागद अमर्याद नसतो. आम्ही हद्दीची जवळजवळ तिप्पट, ८.५ मिलिमीटर ही उंची मजकुरासाठी ठरवली. दुप्पट, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटरही वाचता येते. पण व्हरांड्यातील उजेड, चाळिशीचे चष्मे आणि देवनागरीतील जोडाक्षरांची दाटी लक्षात घेता तिप्पट धरणे बरे.

दोन मीटर हेच अंतर का? कारण ते पोस्टर पाहणाराच ठरवतो. ए-झिरो आकाराचे उभे पोस्टर ८४१ मिलिमीटर रुंद आणि ११८९ मिलिमीटर उंच असते. एवढा कागद मान फारशी न हलवता डोळ्यांत मावायचा तर माणूस आपोआप दीड-दोन मीटर मागे सरतो. शिवाय समोर आधीच दोघे उभे असले, तर तिसऱ्याला त्यांच्या खांद्यांवरूनच पाहावे लागते. ज्याला खरा रस आहे तो एक मीटरपर्यंत पुढे येईल हे खरे. पण पुढे यावे की नाही, हे तो दोन मीटरवर उभा राहूनच ठरवतो.

आता पॉइंटाकडे येऊ. संगणकावरचा एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, सुमारे ०.३५ मिलिमीटर. तेव्हा ८.५ मिलिमीटर म्हणजे २४ पॉइंट असा हिशोब करण्याचा मोह होतो, आणि चूक नेमकी येथेच होते. पॉइंटाचा आकडा अक्षराची उंची सांगत नाही. शिशाच्या खिळ्यांच्या काळात तो खिळ्याच्या अंगाची उंची सांगत असे. अक्षर त्या अंगावर कोरलेले असे आणि वरखाली जागा सोडलेली असे. आज खिळा गेला तरी ती चौकट कल्पनेने उरली आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार बसवावे लागतात. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. त्यामुळे शिरोरेषेपासून काना जेथे संपतो तेथपर्यंतचे मुख्य अंग चौकटीच्या अर्ध्याहून थोडेसेच अधिक असते. हे प्रमाण प्रत्येक टंकात निराळे असते. कोणी टंककार मुख्य अंग मोठे ठेवून मात्रा आखूड करतो, तर कोणी मात्रांना ऐसपैस जागा देऊन अंग लहान करतो. दोन्ही टंकांना यादीत ‘४०’ असेच म्हणतात.

म्हणून टंक निवडला की पहिले काम त्याचे मोजमाप घेणे. साध्या कागदावर एकच ‘म’ १०० पॉइंटांत छापावा आणि शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून कान्याच्या टोकापर्यंत पट्टीने मोजावे. आमच्यापाशी दोन टंक होते. पहिल्यात ही उंची १८ मिलिमीटर भरली, दुसऱ्यात २१. यानंतरचे गणित त्रैराशिकाचे. १०० पॉइंटांना १८ मिलिमीटर, तर ८.५ मिलिमीटरला किती? उत्तर ४७ पॉइंट. दुसऱ्या टंकात तीच उंची ४० पॉइंटांत मिळते. दोहोंत सात पॉइंटांचा फरक आहे, आणि कोणत्याही पुस्तिकेतला ठरीव आकडा तो दाखवू शकत नाही. ज्यांना मोजपट्टीचा कंटाळा आहे त्यांनी निदान दोन्ही टंकांतील ‘म’ शेजारी शेजारी ठेवून पाहावा. फरक डोळ्यांनाही कळतो.

या मापाने गेल्या वर्षीच्या पोस्टरकडे पाहिले तेव्हा सारा उलगडा झाला. त्यात पहिला टंक होता, मजकूर २० पॉइंटांत आणि तक्ता १६ पॉइंटांत. मजकुराचे अक्षर ३.६ मिलिमीटर उंच होते. तक्त्याचे होते २.९ मिलिमीटर, म्हणजे दोन मीटरवर तो तक्ता नेत्रतज्ज्ञांच्या तक्त्यातील शेवटच्या ओळीएवढा होता. अनुस्वाराचा ठिपका अर्धा मिलिमीटरही भरला नाही. दोन मीटरवरून डोळ्याला ०.५८ मिलिमीटरहून बारीक गोष्ट वेगळी करता येत नाही, हे वर सांगितलेच आहे. ठिपका आकाराच्या मात्रेत आणि शिरोरेषेत मिसळून गेला, आणि अनेकवचनाचे एकवचन झाले. परीक्षकांची दृष्टी चांगली होती. चूक आमची होती.

इंग्रजी पुस्तिकांमधील २४ पॉइंटही याच मापाने तपासता येतो. आमच्या दुसऱ्या, मोठ्या अंगाच्या टंकातसुद्धा २४ पॉइंटाला अक्षर पाच मिलिमीटर होते, ओळखण्याच्या हद्दीच्या दुपटीहूनही कमी. मात्र सव्वा मीटरवर हेच अक्षर जवळजवळ तिप्पट ठरते. याचा अर्थ तो सल्ला खोटा नाही. तो वाचकाला सव्वा मीटरवर उभा धरतो. शिवाय रोमन लिपीत अक्षरागणिक वरखाली इतकी चिन्हे येत नाहीत, त्यामुळे थोडे लहान अक्षर तेथे खपून जाते.

मजकूर ठरला की बाकीचे आकार त्यावरूनच निघतात. पुढील आकडे आमच्या दुसऱ्या टंकाचे आहेत. इतरांनी ते आपल्या ‘म’प्रमाणे बदलून घ्यावेत. पोटशीर्षक मजकुराच्या दीडपट, ६० पॉइंट ठेवले. दीडपटीहून कमी ठेवले, तर ते केवळ ठळक केलेली ओळ वाटते आणि लांबून पोस्टरचे भाग वेगळे दिसत नाहीत. नकाशा व आलेख यांखालच्या ओळी ३२ पॉइंट, म्हणजे अक्षर पावणेसात मिलिमीटर, हद्दीच्या दुपटीच्या थोडे वर. याच्या खाली कोणतीही महत्त्वाची गोष्ट जाऊ द्यायची नाही असे आम्ही ठरवले. संदर्भ आणि आभार तेवढे २४ पॉइंटांत, तळाशी. ते ज्याला हवे तो वाकून वाचील. तळाचा भाग असाही गुडघ्याच्या आसपास येतो आणि डोळ्यापासून तिरका असतो, तेथे निष्कर्ष छापणे म्हणजे ते लपवणे.

शीर्षकाची गोष्ट निराळी आहे. ते दोन मीटरवरच्या माणसासाठी नसते. दालनातून चालणाऱ्याला पाच मीटरवरून थांबवणे हे त्याचे काम. पाच मीटरवर पाच कला म्हणजे ७.३ मिलिमीटर, त्याच्या तिप्पट जवळजवळ २२ मिलिमीटर, आणि आमच्या टंकात त्याला १०५ पॉइंट लागतात. आता शीर्षक पाहा. गेल्या वर्षीचे होते : ‘तालुक्यातील आठवडे बाजारांमधील फिरत्या विक्रेत्यांच्या स्थलांतराचा भौगोलिक दृष्टिकोनातून केलेला एक चिकित्सक अभ्यास’. बारा शब्द, एकोणपन्नास अक्षरे. पोस्टरची रुंदी कडा सोडून ७८१ मिलिमीटर. १०५ पॉइंटांना एक अक्षर सरासरीने २४ मिलिमीटर जागा घेते, म्हणजे शब्दांमधली जागा धरता एका ओळीत जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस अक्षरे बसतात. ते शीर्षक दोन ओळी व्यापत होते आणि म्हणूनच आम्ही ते तेव्हा ६० पॉइंटांवर आणून सोडले होते. यंदा ते बदलून ‘आठवड्याचे सहा बाजार, एकच विक्रेता’ असे केले. सोळा अक्षरे. ती १३० पॉइंटांतही एका ओळीत आरामात मावली आणि अक्षर २७ मिलिमीटर झाले. सहा मीटरवरून ते वाचता येते. ‘भौगोलिक दृष्टिकोनातून’ हे शब्द गेल्याने कोणाचे नुकसान झाले नाही. आम्ही भूगोल विभागाचे आहोत हे खालच्याच ओळीत लिहिलेले होते.

येथे टंकाच्या वळणाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण आकार पुरेसा असूनही अक्षर बुजू शकते. देवनागरीतील काही अक्षरांचे वेगळेपण फार लहान जागेत असते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद डाव्या बाजूला शिरोरेषा तुटते की नाही आणि तेथे गाठ कशी आहे, एवढाच असतो. ‘भात’ आणि ‘मात’, ‘घन’ आणि ‘धन’ असे शब्द त्या तुटलेल्या जागेवर उभे आहेत. शीर्षक उठून दिसावे म्हणून आपण सर्वांत जाड टंक घेतो, आणि जाड रेघ ती फट आतून भरून टाकते. अशी फट दोन मीटरवर दिसायची तर ती ०.५८ मिलिमीटरहून रुंद हवी, सहा मीटरवर दिसायची तर पावणेदोन मिलिमीटर. पट्टीने हेही मोजता येते. शीर्षकासाठी जाड टंक जरूर घ्यावा, पण अतिजाड नको. मजकुरासाठी मध्यम वजनाचा.

उलट बाजूचाही धोका आहे. जुन्या छापील ग्रंथांची आठवण करून देणारे, जाड-बारीक रेघांचे सुंदर टंक मिळतात. पुस्तकाला ते शोभतात, पण पोस्टरच्या मजकुरात त्यांच्या बारीक रेघा ४० पॉइंटांनाही अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जातात आणि लांबून अक्षर मधेच तुटल्यासारखे दिसते. तो टंक शीर्षकासाठी ठेवावा. तेथे अक्षर तिप्पट मोठे असल्याने बारीक रेघही पुरेशी जाड होते. मजकुराला जवळजवळ सारख्या जाडीच्या रेघेचा टंक बरा. मुंबईच्या एक टाइप या टंककारांच्या गटाने केलेला ‘मुक्त’ हा तसा आहे. तो विनामूल्य मिळतो आणि बारीकपासून अतिजाडपर्यंत अनेक वजनांत असल्यामुळे शीर्षक व मजकूर एकाच कुळातले घेता येतात. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ पुष्कळ संगणकांवर असतो व म्हणून सवयीने वापरला जातो. पण तो पडद्यावरच्या मजकुरासाठी घडवलेला आहे, पोस्टरसाठी घेण्यापूर्वी त्याचाही ‘म’ मोजून पाहावा.

टंक मराठीच्या उपयोगाचा आहे की नाही हे पाहण्यासाठी आम्ही एक शब्द ठरवला आहे : ‘आचाऱ्यांचा’. परिषदेच्या फलकावर ‘आचार्यांचा सत्कार’ आणि ‘आचाऱ्यांचा सत्कार’ यांत किती अंतर आहे हे प्राध्यापकवर्गाला सांगायला नको (जेवण चांगले झाले असेल तर दुसराही योग्यच ठरेल). ‘ऱ्या’तील ती आडवी चंद्रकोरीसारखी खूण काही टंकांत इतकी लहान असते की दोन मीटरवर नाहीशी होते, आणि काहींत ती मुळी नसतेच, तिच्या जागी पाय मोडलेला ‘र’ येतो. ‘ल’ आणि ‘श’ यांचेही पाहावे. मराठीत रूढ असलेली त्यांची वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत आणि २००९ च्या शासननिर्णयातही मराठी वळणे नमूद आहेत. काही टंकांत दोन्ही रूपे असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली तरच मराठी रूप पुढे येते.

ओळींमधील अंतर हा मुद्दा लहान दिसतो, पण मजकूर किती मावतो हे त्यावरच ठरते. वरच्या ओळीतील ‘ट्टू’चा पाय आणि खालच्या ओळीतील ‘र्थीं’चा रफार-अनुस्वार एकमेकांना भिडता कामा नये. अक्षराच्या पॉइंटांच्या १.४ ते १.५ पट अंतर ठेवले म्हणजे ते टळते. ४० पॉइंटांना आम्ही ५८ घेतले. संगणकात ‘एकेरी अंतर’ असा जो पर्याय असतो तो टंकागणिक निराळे अंतर देतो, म्हणून तो न घेता पॉइंटांचा नेमका आकडा लिहावा.

आता हिशोब मांडू. कडेला ३० मिलिमीटर सोडून उंची ११२९ उरली. शीर्षक आणि नावे यांना २१० दिले, तळाच्या संदर्भांना ८०. राहिलेल्या सुमारे ८४० मिलिमीटरांत दोन स्तंभ, प्रत्येकी ३७५ रुंद. दोन्ही मिळून १६८० मिलिमीटर लांबी झाली. त्यातील अर्धी नकाशाला आणि आलेखाला गेली, कारण भूगोलाच्या पोस्टरमध्ये बोलायचे ते नकाशाने. चार पोटशीर्षके आणि त्यांच्या वरखालची जागा यांत १८० गेले. मजकुराला उरले ६६०. एक ओळ साडेवीस मिलिमीटर घेते, म्हणजे बत्तीस ओळी; ओळीत नऊ शब्द धरले तर २९० शब्द. गेल्या वर्षीच्या पोस्टरवर आमचे ११०० शब्द होते.

आम्ही दोघे या आकड्यासमोर बराच वेळ बसलो. अक्षर मोठे करणे सोपे वाटत होते. त्याची किंमत ८०० शब्द आहे, हे तेव्हा कळले. आधी पूर्वपीठिका गेली. मग अभ्यासपद्धतीची दोन परिच्छेदांची कथा तीन ओळींवर आली. तक्ता सर्वांत जड गेला. त्यात चौदा रकाने होते आणि १६ पॉइंटांखेरीज तो मावत नव्हता. माझा मित्र तो सोडायला तयार नव्हता, कारण उन्हातान्हात बाजारोबाजार हिंडून त्यातला प्रत्येक आकडा त्यानेच टिपला होता. अखेर तक्ता वेगळ्या कागदावर छापून मागणाऱ्याला देण्यासाठी ठेवला, आणि पोस्टरवर त्याच्या जागी एकाच विक्रेत्याचा आठवडा आला : सहा वार, सहा गावे, मधली अंतरे, सारे ४० पॉइंटांत. वर शीर्षक ‘बाजारांतील अंतर’ न ठेवता ‘एका बाजारापासून दुसऱ्यापर्यंत’ असे केले. ठिपका आता दीड मिलिमीटरच्या जवळ होता आणि दिसला असता; पण अर्थ एका ठिपक्यावर सोपवण्याची आमची छाती झाली नाही.

छापण्यापूर्वी सारे तपासण्याची एक युक्ती आहे आणि तिला खर्च एका कागदाचा. ए-फोर हा ए-झिरोच्या लांबीरुंदीत बरोबर चौथा हिस्सा असतो. पोस्टर ए-फोरवर छापले की प्रत्येक अक्षर चौथाई होते. तो कागद दोन मीटरच्या चौथाईवर, म्हणजे ५० सेंटिमीटरवर धरला की डोळ्याला नेमके तेच दिसते जे ए-झिरो दोन मीटरवरून दिसेल. पट्टीने अंतर मोजून कागद भिंतीला चिकटवावा, हातात धरू नये. हातातला कागद नकळत जवळ येतो. मग मजकूर न लिहिलेल्या एखाद्याला मोठ्याने वाचायला सांगावे. तो पुढे झुकला की अक्षर लहान आहे असे समजावे. चाळिशीच्या पुढच्यांना जवळचा चष्मा लावू द्यावा, नाहीतर ५० सेंटिमीटरवरचे धूसरपण अक्षराच्या माथी मारले जाईल. घरगुती छपाईयंत्र बारीक रेघा जरा फुगवते, म्हणून रेघांच्या जाडीची परीक्षा मात्र या कागदावर होत नाही. तिच्यासाठी पोस्टरचा ए-फोरएवढा तुकडा खऱ्या आकारात छापून दोन मीटरवरून पाहावा.

छापखान्यात दोन गोष्टी बिघडतात. टंक त्यांच्या संगणकावर नसला की अक्षरांची मोडतोड होते किंवा दुसराच टंक येऊन ओळी सरकतात. म्हणून टंक आत बसवलेली पीडीएफ द्यावी आणि तेथे उघडून ‘आचाऱ्यांचा’सारखा एखादा शब्द मोठा करून पाहावा. दुसरी गोष्ट अधिक फसवी असते. पैसे वाचवण्यासाठी ए-झिरोचे पोस्टर ए-वनवर छापून घेतले जाते, किंवा यंत्र ते आपणहून कागदात बसवते. ए-वनवर सारे काही सात-दशांश होते. ४० पॉइंटांचे २८ होतात आणि दोन मीटरवरचा वाचक दीड मीटरच्या आत ओढला जातो. पोस्टर सुंदरच दिसते, म्हणून हे लक्षात येत नाही. आम्ही खालच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक बारीक रेघ घातली होती. छापून आल्यावर तिच्यावर पट्टी ठेवली, तेव्हा ती ९७ भरली. यंत्राने कडेसाठी जागा सोडली होती. तीन टक्क्यांनी मजकुराचे अक्षर ८.२ मिलिमीटर झाले. तेवढे चालण्यासारखे होते.

यंदाचे पोस्टर विभागाच्या दारासमोरच्या भिंतीवर लावले आहे. समोरच्या कठड्यापासून ती भिंत दोन मीटर दहा सेंटिमीटर अंतरावर आहे, मोजली आहे. कठड्याला टेकून बसणारी मुले विक्रेत्याच्या गुरुवारच्या बाजाराचे गाव बरोबर सांगतात. संदर्भांची ओळ मात्र त्यांतील एकालाही तेथून वाचता आली नाही.